सव्वापाचचं जेवण आणि पावणेचौदा तासांची रात्र

ती. आई-बाबा,
जय जिनेंद्र, साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू तीनदा विचारलंस की तिकडे गोव्यात आपल्या जेवणाचं कसं काय जमतं गं, सगळीकडे मासेच ना, आणि बाबा मागून ओरडत होते की आम्ही आपले खिचडीवर राहू. म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच पाठवते, म्हणजे दोन महिने राहायला येताना डोक्याला टेन्शन नको. फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही दोघं एकदम बोलता.

आधी वेळेचं सांगते, कारण इथे सगळा स्वयंपाक वेळेवरच अडतो. तुम्ही येणार नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि म्हापशात तेव्हा सूर्य सहाला एक-दोन मिनिटं इकडेतिकडे बुडतो, वर्षातला सगळ्यात लवकर. जुलैत सात वाजून गेले तरी उजेड असतो, तेव्हा शाळेतून येऊन आरामात करते, पण नोव्हेंबरात पळापळ. बाबांची सूर्यास्ताच्या दोन घटका आधी ताट उचलायची शिस्त धरली तर सव्वापाचलाच जेवण संपायला हवं, ते मला रोज जमणार नाही बाबा, आधीच सांगते, रागवू नका. आमचं असं आहे की सव्वापाचला ताटं वाढायची, पावणेसहापर्यंत जेवण संपवायचं, आणि सहाच्या आत शेवटचं पाणी. फोनला पाच चाळीसचा अलार्म लावलाय, तो वाजला की आर्या सगळ्यांना पाणी देते, ते तिचं काम.

सुमेधचं ऑफिस पणजीत, तो सातशिवाय घरी येत नाही. म्हणून त्याचा संध्याकाळचा डबा सकाळीच वेगळा भरते आणि तो ऑफिसातच सव्वापाचला खातो. गेल्या वर्षी एकदा मीटिंग लांबली, डबा बॅगेतच राहिला आणि बाहेर बघतो तर अंधार. तसाच उपाशी घरी आला, पाणी पण नाही, थेट दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्लं. त्या दिवसापासून मीटिंगमधून उठून जातो, लोकांना आता सवय झालीय.

आता बाबांचं. बाबा, हे आईला सांगू नकोस म्हणाल, पण आईनेच मला सांगितलंय. मागच्या हिवाळ्यात पहाटे तुम्हाला घाम फुटून थरथर झाली होती आणि शुगर ६२ निघाली होती. ७० च्या खाली गेली की कमीच म्हणायची. मी इथे हिशोब करून बघितला. पावणेसहाला जेवण संपलं, सकाळी सूर्योदय सहा चाळीसच्या आसपास, त्यावर तुमची दोन घटका धरली की साडेसातच्या आत तोंडात काही नाही. म्हणजे पावणेचौदा तास! संध्याकाळच्या गोळीची वेळ आणि डोस या लांब रात्रीला धरून काय ठेवायचा ते तिकडच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणा, जेवण किती वाजता संपतं आणि सकाळी किती वाजता खाता हे दोन आकडे त्यांना सांगायला विसरू नका. आणि महाराजांकडे जाल तेव्हा औषध-पाण्याची सूट ठेवून नियम घेता येतो का ते पण विचारा. रात्री शुगर पडली तर साखर खायलाच लागते, तेव्हा घड्याळ बघत बसायचं नाही, हे मी तुमच्यासमोर डॉक्टरांकडूनच ऐकलंय.

म्हणून आठवड्याचा मेनू मी एकाच गोष्टीवर बसवलाय, संध्याकाळच्या ताटात रोज काहीतरी कडधान्य किंवा डाळ पाहिजेच, नुसता भात-भाजी नाही. भाताने पोट भरतं आणि नऊला परत भूक, ते मुलांवरूनच कळतं. दुपारी मात्र साधंच, भाजी-पोळी.

सोमवारी अळसांद्याचं तोणाक. आई, हे तुला शिकायला आवडेल म्हणून सविस्तर लिहिते. अळसांदे म्हणजे इथली मोठी चवळी समज, दाणा टपोरा. एक वाटी घेतली की चौघांना पुरते. भिजवायचे सकाळी सातला, रात्री नाही. रात्री भिजवले की इथल्या दमट हवेत दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टोकाला कोंब दिसायला लागतो आणि मग आपल्याला ते चालत नाहीत. एकदा अख्खी वाटी खालच्या काकींना देऊन टाकली होती. सकाळी भिजवून साडेचारला कुकरला लावले की दोन शिट्ट्या पुरतात, तिसरी झाली की साल सुटून लगदा.

वाटणाची खरी गंमत. ओलं खोबरं पाऊण वाटी, एक चमचा धणे, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, तीन-चार सुक्या मिरच्या, सगळं थोड्या तेलात मंद आचेवर चांगलं बदामी होईस्तोवर परतायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा कांदा नाही म्हणून रस्सा असा झाला की खाली चोथा आणि वर पाणी, आर्या म्हणाली मम्मी हे आजारी माणसाचं आहे का. मग खालच्या काकींनी सांगितलं, त्यांच्याकडे सोमवारी शिवराक असतं, म्हणजे मासे नाहीत आणि कांदा-लसूण पण नाही, तर वाटणात शिजलेल्या दाण्यातलेच दोन मोठे चमचे घालून वाटायचे. तेवढ्याने रस्सा धरून राहतो. फोडणीला हिंग जरा सढळ हाताने, आंबटाला दोन आमसुलं, गुळाचा खडा, आणि खोबरं परतताना घाई केली तर कच्चं लागतं, बाकी काही बिघडत नाही. सव्वापाचला ताटात येतं, मी घड्याळ लावून बघितलंय, पंचेचाळीस मिनिटं.

त्याच्याबरोबर सोलकढी. इथे बहुतेक जण लसूण घालतात, आपण जिरं, हिरवी मिरची आणि चिमूटभर हिंग. दहा-बारा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास, नारळाचं घट्ट दूध, मीठ, कोथिंबीर. गॅसवर ठेवायची नाही, फाटते. आणि यात दही-ताक नाही म्हणून कडधान्याबरोबर द्विदलाचा प्रश्नच येत नाही. तिकडे तू डाळीच्या दिवशी ताक बंद ठेवायचीस आणि बाबा कुरकुर करायचे, इथे ती कुरकुर संपली समजा.

मंगळवारी मूगडाळीची खिचडी, तूप, भाजलेला पापड, बाबा खूश. डाळ तांदळाच्या बरोबरीने घालते. बुधवारी तोंडली-काजू आणि तुरीचं वरण, भाकरी.

गुरुवारी दह्याचा दिवस ठेवलाय, म्हणजे दुपारी दहीभात आणि पडवळाची भाजी, डाळीचा दाणा नाही. संध्याकाळी उलटं, दह्याचं नाव नाही आणि मसूरआमटी, तिला तेफळ घालते. आई, तेफळाचा वास तू घेतला नसशील, लिंबाच्या सालीसारखा पण तिखट, जीभ जरा बधिर होते. पाच-सहा घ्यायची, आतली काळी बी काढून टाकायची, सालं पाण्यात जराशी ठेचून शेवटच्या उकळीला टाकायची. वाटून घातलं की कडू. लसूण तशी आपल्याकडे कधी नव्हतीच, पण तेफळाने आमटीला काहीतरी धार येते.

शुक्रवारी म्हापशाचा मोठा बाजार. सुमेध सकाळी सातला जाऊन येतो, भोपळा, कच्ची केळी, दोडका, आणि चातुर्मास संपला की तांबडी भाजी. पाला निवडायला वेळ लागतो, एकेक पान उलटून बघते, म्हणून भाजी दुपारीच निवडून ठेवायची आणि संध्याकाळी पिठल्याबरोबर. आई, हे निवडायचं काम तुझं, खुर्चीवर बसून होतं, गुडघ्याला त्रास नाही.

शनिवारी मुलांचा हट्ट. कच्ची केळी उकडून कुस्करून हिरवी मिरची, सुंठ, लिंबू घालून वडे. आलं नाही म्हणून सुंठ, पण ती अर्धा चमचाच, जास्त झाली की काढ्यासारखं लागतं. केळी उकडताना साल काढायची नाही, नाहीतर पाणी पिऊन वडा तेलात फुटतो. बटाट्याचे नाहीत हे पाहुण्यांना कळत नाही, सांगितल्यावर मात्र सगळे म्हणतात आम्हाला कळलं होतं. बाबांना दोनच वडे आणि वाटीभर आमटी, हे आत्ताच लिहून ठेवते.

रविवारी चण्याची डाळ घालून दोडका, सगळे घरी असतात म्हणून गच्चीत जेवतो, उजेड कुठवर आहे ते समोरच दिसतं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, मग तो दिवस कुठलाही असो, सोमवारचं तोणाक तिकडे सरकवायचं.

छोट्या विहानला अजून पूर्ण नियम लावला नाहीये, संध्याकाळी साडेसातला कपभर दूध देते, बाबा, त्याच्यासमोर काही बोलू नका प्लीज, आठ वर्षांचा झाला की बघू.

येताना पीठ आणू नका. थंडीत सात दिवसांच्या वर पीठ आपण वापरत नाही, आणि इथे समुद्राची हवा, चौथ्या दिवशीच जाळी धरायला लागते. त्यापेक्षा ज्वारी आणा, पाच किलो पुरे, गिरणी आमच्या बिल्डिंगच्या मागेच आहे, लागेल तशी थोडी थोडी दळून आणू. शेंगदाण्याची चटणी मात्र तुझ्या हातची, लाल तिखट कमी. आणि बाबांचं शुगर तपासायचं मशीन, पट्ट्यांसकट, वरच्या बॅगेत ठेव, मागच्या वेळी मोठ्या ट्रंकेत तळाला होतं.

तुमची,
स्मिता