मुलाखतीआधी चेहऱ्याचं काय काय बघायचं

चि. सई आणि चि. ओंकार,

तुमच्या दोघांच्या मुलाखती एकाच आठवड्यात आल्यात, म्हणून एकच पत्र लिहिते. कपड्यांचं तुम्ही बघालच. मला सांगायचंय ते चेहऱ्याचं, केसांचं, आणि त्यातलं कोणतं काम कधी उरकायचं याचं. आदल्या दिवशीच्या घाईतच सगळे घोटाळे होतात.

सई, आयब्रो, अपर लिप, फेशियल जे करायचं ते तीन-चार दिवस आधी करून घे. दोरा फिरला की त्वचा लाल होते, कधी बारीक पुरळही येतं. तुझ्या मावसबहिणीने आदल्या संध्याकाळी अपर लिप केलं. सकाळी दाणे उठले, ते झाकायला तिने फाउंडेशनचा थर दिला आणि ते आणखीच उठून दिसले. नवीन क्रीम तर त्या आठवड्यात लावूच नकोस. फाउंडेशनचा रंग मनगटावर न बघता जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात बघ, मानेच्या रंगात मिसळला पाहिजे.

ओंकार, केस आठवडाभर आधी काप, म्हणजे कट नीट बसतो. दाढी त्याच दिवशी, आंघोळीनंतर केस मऊ असताना, नव्या ब्लेडने आणि केसांच्या दिशेने कर. उलटा हात फिरवलास की मानेवर लाल पुरळ येतं. दाढी ठेवायची तर खुशाल ठेव, पण मानेवरची कड कंठमण्याच्या दोन बोटं वर आखून घे. नाकातले केस दिसत असतील तर ट्रिमरने काढ, उपटू नकोस.

केस दोघांनीही आदल्या रात्री धुवा, तेल नको. सई, आरशासमोर खाली वाकून सही करतेस तसं करून बघ. बट डोळ्यांवर आली तर क्लिप लाव.

आता हावभाव. मला याचीच जास्त काळजी वाटते. बोलताना तुम्ही दोघंही छान दिसता, पण ऐकताना ओंकारच्या भुवया जवळ येतात आणि तो रागावल्यासारखा वाटतो. सई उलट, सतत हसत राहते. मोबाइल समोर ठेवून एकमेकांना प्रश्न विचारा, रेकॉर्ड करा आणि नंतर आवाज बंद करून फक्त ऐकतानाचे चेहरे बघा. कपाळ ताणलं असेल तर बरेचदा दातही एकमेकांवर दाबलेले असतात. ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवा, चेहरा लगेच सैल पडतो. नमस्कार करताना मोकळं हसा, मग हसू आपोआप ओसरू द्या. समोर तिघं-चौघं असतील तर ज्यांनी विचारलं त्यांच्याकडे बघून उत्तर सुरू करा, मध्ये इतरांकडेही बघा, शेवटी पुन्हा त्यांच्याकडे.

पोहोचल्यावर एकदा आरसा बघा. कपाळावरचा घाम टिश्यूने टिपा, घासू नका. सई, दातांना लिपस्टिक लागली नाही ना, तेही बघ.

तुमची,
आई