‘बंद’ म्हणजे नेमके काय? भाषा संचालनालयाने ठरवून द्यावे

महोदय,

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सौर कृषिपंप बसत आहेत आणि त्यांच्यासोबत मराठी माहितीपुस्तिकाही शेतावर पोहोचत आहेत. त्या पुस्तिकांचा अनुवाद करणाऱ्यांपुढे एक अडचण आहे. ती राज्याच्या भाषा संचालनालयाने सोडवावी, यासाठी हे पत्र आपल्या वृत्तपत्रातून लिहीत आहे.

अडचण ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ या दोन शब्दांची आहे. इंग्रजीत व्हॉल्व्ह ओपन केला की पाणी वाहते, पण स्विच ओपन केला की वीज थांबते. तिथला वाचक हे शाळेपासून शिकलेला असतो, त्यामुळे त्याचा गोंधळ होत नाही. मराठीत मात्र ‘बंद’ या शब्दाला पक्का अर्थ आहे. नळ बंद, मोटर बंद, लाइट बंद, म्हणजे प्रवाह थांबला. अनुवादक ‘सर्किट क्लोज करा’चे ‘परिपथ बंद करा’ असे करतो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ते बरोबरच आहे, कारण बंद परिपथातूनच वीज वाहते. शहाद्याचा किंवा चोपड्याचा वायरमन मात्र त्याचा अर्थ ‘वीज तोडा’ असा घेतो आणि मराठी म्हणून त्याचे काहीच चुकत नाही.

याने काय बिघडते ते पाण्याच्या टाकीवरच्या फ्लोट स्विचवरून कळेल. बोअरचे पाणी आधी टाकीत आणि तिथून ठिबकने केळीला, अशी मांडणी समजा. टाकी भरली की पंप आपोआप थांबावा म्हणून फ्लोटच्या दोन तारा पंप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला जोडतात. अशा बहुतेक फ्लोटला तीन तारा असतात. एक सामाईक, एक ‘नॉर्मली ओपन’ आणि एक ‘नॉर्मली क्लोज्ड’. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून रंगावर भरवसा ठेवता येत नाही. या कंट्रोलरला हवी असते ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडी. फ्लोट खाली लोंबत असताना तिच्यातून वीज जाते आणि पंप चालतो. पाण्याने फ्लोट उचलला की ती तुटते आणि पंप थांबतो.

पुस्तिकेत याचे भाषांतर ‘सामान्यतः बंद संपर्क जोडावा’ असे झाले, तर काळजीने काम करणारा वायरमन मीटर काढतो, फ्लोट खाली सोडतो आणि जी जोडी वाजत नाही ती ‘बंद’ म्हणून जोडतो. आता टाकी रिकामी असताना कंट्रोलरला ती भरलेली वाटते. भर उन्हात पॅनेलकडून पुरेसे व्होल्टेज येत असूनही पंप सुरू होत नाही. तक्रार गेली की तपास पॅनेलपासून, केबलपासून, मोटरपासून होतो, फ्लोटकडे कोणी बघत नाही. केळीचे पाणी मात्र तेवढे दिवस चुकते.

काही कंट्रोलरमध्ये उलटी सेटिंग करून हा दोष झाकता येतो आणि पंप व्यवस्थित चालू लागतो. पण हा उपाय फसवा आहे. ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडी मागण्याचे कारणच असे, की उंदराने तार कुरतडली तरी ती तुटल्याचे कंट्रोलरला कळावे आणि पंप थांबावा. उलट्या जोडणीत तार तुटली तर टाकी भरल्याची खबर कंट्रोलरला कधीच मिळत नाही आणि पाणी वाहत राहते. जोडणी बरोबर आहे का, हे दोन गोष्टींवरून कळते. पंप चालू असताना फ्लोट हाताने वर उचलला की पंप थांबला पाहिजे. मग वीज तोडून फ्लोटची एक तार काढून ठेवली आणि पुन्हा चालू केले, तर पंप सुरूच होता कामा नये.

‘सामान्यतः’ हा शब्दही तितकाच घातक आहे. इथे ‘नॉर्मली’ म्हणजे ‘बहुतेक वेळा’ नव्हे. त्याचा अर्थ ‘कोणी दाबलेले, उचललेले किंवा चेतवलेले नसताना’ असा आहे. टाकी बहुतेक वेळा भरलेलीच असेल, तर ‘सामान्यतः’चा अर्थ थेट उलटतो.

दुसरे उदाहरण जिवावर बेतणारे आहे. डीसी आयसोलेटर म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडण्याचा, पेटीत बसवलेला स्विच. ‘डीसी आयसोलेटर ओपन करा’ याचे ‘आयसोलेटर उघडा’ असे केले, की वाचक पेटीचे झाकण उघडतो. पाच अश्वशक्तीच्या पंपासाठी 15 पॅनेल एका ओळीत जोडले, प्रत्येकाचे व्होल्टेज 45च्या आसपास धरले, तर आत 675 व्होल्टपर्यंतचा दाब असतो. ऊन असेपर्यंत पॅनेलकडून तो दाब येतच राहतो. तिथे लिहायला हवे होते: ‘आयसोलेटरची मूठ फिरवून वीज तोडा, झाकण उघडू नका.’

यावर ‘संवृत’ आणि ‘विवृत’ हे शब्द सुचवले जातात. अर्थाने ते काटेकोर आहेत, पण दोन्हींत फरक फक्त एका उपसर्गाचा आहे. विहिरीच्या या काठावरून त्या काठावर ओरडून सांगताना ‘सं’ आणि ‘वि’ ऐकूच येणार नाहीत. सुरक्षेच्या शब्दांची जोडी कानाला वेगळी लागलीच पाहिजे.

आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या पारिभाषिक संग्रहात याच संपर्कांना ‘मेक कॉन्टॅक्ट’ आणि ‘ब्रेक कॉन्टॅक्ट’ म्हटले आहे. संपर्क आधी कसा असतो ते न सांगता, क्रिया झाल्यावर तो काय करतो यावरून हे नाव दिले आहे. मराठीला ही वाट सरळ आहे. ‘नॉर्मली ओपन’ला ‘जोडसंपर्क’ आणि ‘नॉर्मली क्लोज्ड’ला ‘तोडसंपर्क’ म्हणावे. बटण दाबल्यावर जोडतो तो जोडसंपर्क, तोडतो तो तोडसंपर्क. ‘बंद’ही गेले आणि ‘सामान्यतः’ही गेले. कॉन्टॅक्टरच्या सहायक संपर्कांवर आणि पुशबटणांच्या संपर्कांवर आकडे छापलेले असतात. शेवटचे अंक 3-4 असतील तर जोडसंपर्क आणि 1-2 असतील तर तोडसंपर्क. आयटीआयच्या मुलाला नाव आणि आकडा एकत्र शिकवता येईल. ‘चिकटलेला संपर्क’ हा शब्द मात्र यासाठी घेऊ नये. ठिणगीने जळून जाम झालेल्या कॉन्टॅक्टला वायरमन तेच म्हणतात.

भाषा संचालनालय 1960 पासून काम करत आहे आणि यंत्र, विद्युत, स्थापत्य अशा शाखांचे परिभाषा कोश त्याने दिले आहेत. त्या कोशांचा रोज उपयोग होतो. त्यांत मुख्यतः इंग्रजी शब्दापुढे मराठी पर्याय दिलेला असतो. ‘क्लोज’सारख्या शब्दाला तेवढे पुरत नाही. म्हणून विनंती अशी, की अशा शब्दांना एका ओळीची व्याख्या, एक वापरलेले वाक्य आणि आकृतीतले चिन्ह जोडावे. वीज ‘जोडा/तोडा’, व्हॉल्व्ह ‘उघडा/मिटा’, यंत्र ‘चालू/बंद’ आणि पेटीचे ‘झाकण उघडा’ असा क्रियापदांचा नियम लेखी द्यावा. शब्द पक्का करण्यापूर्वी तो दोन-तीन आयटीआयमध्ये वाचून दाखवावा आणि ऐकणाऱ्याने प्रत्यक्ष कोणती तार जोडली ते बघावे. खान्देशात हे विशेष गरजेचे आहे, कारण इथे अनेकांची घरची बोली अहिराणी किंवा पावरी आहे आणि पुस्तिकेची मराठी त्यांच्यासाठी शिकलेली भाषा आहे.

समिती बसून अंतिम शब्द देईपर्यंत वेळ लागणार हे समजते. तोवर ‘तात्पुरता मान्य’ असा शिक्का मारून संकेतस्थळावर शब्द द्यावा. पुढे तो बदलला तर बदलाची तारीख छापावी, म्हणजे जुनी पुस्तिका कोणत्या अर्थाने वाचायची ते कळेल. सुरुवात जोडसंपर्क, तोडसंपर्क आणि आयसोलेटर या तीन शब्दांनी करावी.

— एक तांत्रिक अनुवादक, जळगाव