अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून...

महोदय,

परीक्षा आल्या की 'बुद्धिवर्धक' खाऊच्या जाहिराती सुरू होतात. आहारतज्ज्ञ म्हणून सांगते, एका रात्रीत स्मरणशक्ती वाढवणारा पदार्थ नाही. अक्रोडात चांगले स्निग्धांश असतात, पण तो मेंदूसारखा दिसतो हा निव्वळ योगायोग!

मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. अवघड गणित सोडवताना ही गरज फारशी वाढत नाही, त्यामुळे पेपरआधी चॉकलेट कोंबून मेंदू जास्त चालत नाही. उलट उपाशीपोटी नुसते गोड खाल्ले, की काहींची साखर झपाट्याने चढते आणि तासा-दोन तासांत उतरते. अकराच्या पेपरला साडेदहाला गोड पेय प्यायलेला मुलगा साडेबाराला जांभया देऊ लागला, तर दोष अभ्यासाचा असेलच असे नाही. त्याने नऊच्या सुमारास अंडे किंवा कडधान्य आणि सोबत अख्ख्या धान्याचे काही खाल्ले, तर साखर हळूहळू रक्तात उतरते. पदार्थ मात्र रोजच्या सवयीचाच हवा. नवा प्रयोग पोट बिघडवतो.

कॉफीचे म्हणाल, तर तिचा निम्मा अंमल पाचेक तासांनीही उरतो. संध्याकाळचा कप रात्रीची झोप खातो, आणि वाचलेले पक्के होते ते झोपेतच.

– एक आहारतज्ज्ञ