टॅटू प्रिव्ह्यूतला आकार, रेघ आणि रंग हातावर उतरत नाही: तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(टॅटू प्रिव्ह्यू ॲप)

विषय: सशुल्क प्रिव्ह्यू आणि स्टेन्सिल फाइल सदोष असल्याबाबत

महोदय,

मी सोलापूरला राहते आणि चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढण्याचे काम करते. आपल्या ॲपवर मी ₹१,४९९ भरून माझ्या हाताच्या फोटोवर टॅटूचा प्रिव्ह्यू आणि त्याची छापण्याजोगी स्टेन्सिल फाइल घेतली. डिझाइन होते सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजाचे: हाताच्या आतल्या बाजूला मनगटाकडून कोपराकडे जाणारी उभी काठी, वर बाशिंग, त्यात थोडा पिवळा रंग आणि काठीच्या पायथ्याशी ‘श्री सिद्धेश्वर’ ही आडवी अक्षरे. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत या काठ्यांची मिरवणूक पाहत मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे ही खूण जन्मभर अंगावर वागवायची, तर ती नीटच हवी, असा माझा आग्रह होता आणि आहे. ‘जसे दिसते तसेच उमटेल’ असे आपण ॲपच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे. ते खरे नाही, म्हणून हे पत्र.

सुई लागण्याआधीच हे लक्षात आले, ते आमच्याकडच्या टॅटू आर्टिस्टमुळे. त्यांनी आपली फाइल आहे त्या मापात छापली, स्टेन्सिल हातावर उतरवली आणि मला आरशासमोर उभे केले. प्रिव्ह्यूत काठीच्या वर कोपराच्या वळीपर्यंत चांगली तीन सेंटिमीटर जागा मोकळी दिसत होती. प्रत्यक्षात बाशिंग वळीपासून जेमतेम एका सेंटिमीटरवर आले. सतत दुमडणाऱ्या त्या जागी शाई नीट धरत नाही आणि रेघा पसरतात, असे सांगून आर्टिस्टनी तिथे काम करायला नकार दिला.

असे का झाले ते मी आपल्या मदत कक्षाला विचारले. फोटोतल्या हाताची लांबी ॲप मोजत नाही, मनगट ते कोपर २६ सेंटिमीटर धरूनच चालते, असे उत्तर आले. माझा हात मनगटाच्या वळीपासून कोपराच्या वळीपर्यंत २२ सेंटिमीटर आहे. फाइलमधले डिझाइन १४ सेंटिमीटरचे. २६ च्या हाताचा जेवढा हिस्सा १४ व्यापते, तेवढाच हिस्सा ॲपने माझ्या फोटोतही रंगवला. माझ्या हातावर तो सुमारे १२ सेंटिमीटर होतो. म्हणजे चित्रात १२ दाखवले आणि हातात १४ ची फाइल दिली. वापरणाऱ्याला हे कळण्याची काहीही सोय नाही. फोटो काढताना हाताला लागून, त्याच पातळीवर एटीएम कार्ड ठेवायला सांगितले असते तरी पुरले असते. कार्डाची लांबी सगळीकडे ८५.६ मिलिमीटरच असते, त्यावरून बाकीचे माप काढता येते. मी स्वतः तसा फोटो काढून मोजले तेव्हाच हा फरक आकड्यांत दिसला. तो फोटो सोबत जोडला आहे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. फाइलमध्ये ‘श्री सिद्धेश्वर’ ५ सेंटिमीटर रुंद आहे आणि मनगटापासून चार बोटे वर बसते. तिथे माझ्या हाताचा घेर १९ सेंटिमीटर आहे, म्हणजे समोरून पाहिले तर हात साधारण ६ सेंटिमीटर रुंद दिसतो. आपल्या ॲपने अक्षरे सपाट कागद चिकटवावा तशी फोटोवर ठेवली. त्यामुळे मधला ‘सि’ आणि टोकाचा ‘र’ सारख्याच रुंदीचे दिसतात आणि शिरोरेखा पट्टीने ओढल्यासारखी सरळ आहे. हात मात्र गोल आहे. ५ सेंटिमीटरची पट्टी तिथे गुंडाळली की समोरून ती साडेचारच्या आतच दिसते, आणि टोकाची अक्षरे दबून मधल्यांच्या दोन तृतीयांश रुंदीची होतात. विश्वास नसेल तर आपल्या कार्यालयात कोणीही कागदाची पट्टी हाताला गुंडाळून फोटो काढावा, दोन मिनिटांत कळेल.

याहून गंभीर प्रश्न हात फिरण्याचा आहे. फोटो तळहात वर करून काढायला सांगता, तसा मी काढला. पण दिवसभर कोणी तळहात वर करून वावरत नाही. हात खाली सोडला की मनगट आत वळते, त्याबरोबर खालच्या अर्ध्या भागातली कातडी फिरते आणि कोपराजवळची जवळजवळ जागच्या जागी राहते. प्रिव्ह्यूतली ताठ काठी माझ्या हातावर सैल सोडल्यावर पीळ पडल्यासारखी तिरकी झाली. नंदीध्वजाची काठी तिरकी, हे मला चालणार नाही. आर्टिस्टनी ती स्टेन्सिल स्पिरिटने पुसली, मला हात सैल सोडून उभे केले, दुसरी स्टेन्सिल त्या स्थितीत लावली आणि मग तळहात वर करून ती कशी दिसते ते दाखवले. दोन्ही स्थितींत अगदी सरळ अशी जागा मिळत नाही, कुठे किती वळलेले चालेल ते माणसाने ठरवायचे असते. आपण मला ठरवण्यासारखे काही आहे हेच कळू दिले नाही. हात सैल सोडलेला दुसरा फोटो मागितला असता तरी पुष्कळ झाले असते.

आता रेघेबद्दल. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग असल्यामुळे याचा मला जास्त राग आहे. आपल्या फाइलमधली रेघ ०.३ मिलिमीटर आहे आणि अक्षरांची उंची ६ मिलिमीटर. स्क्रीनवर मोठे करून पाहिले की ‘द्धे’मधली पोकळी आणि ‘श्व’मधली फट सुरेख मोकळी दिसते. खरी फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे. ग्राफवर दोन फुलांमध्ये एका धाग्याची जागा सोडली, तर विणल्यावर ती फुले एकमेकांत मिसळतात, तसाच हा प्रकार. रेघा ओढायच्या तीन सुयांच्या जुडग्याची, म्हणजे राउंड लायनरची, रेघ पहिल्याच दिवशी अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाते, असे आर्टिस्टनी त्यांच्या सरावाच्या कातडीवर ओढून दाखवले. पुढे वर्षानुवर्षे शाईचे कण त्वचेत थोडे थोडे सरकतात आणि रेघ रुंदावते. माझ्या आजीच्या हातावर गोंदण आहे. तुळशीच्या मंजिरीचे सुटे ठिपके म्हणून जे गोंदवले होते, त्यांची आज एकसंध निळसर हिरवी पट्टी झाली आहे. तिथे ठिपकेच होते, इथे जोडाक्षरे आहेत. पोकळी बुजली की देवाचे नाव वाचता येणार नाही.

आर्टिस्टच्या मते दोन रेघांमध्ये निदान रेघेच्या दुप्पट जागा हवी, आणि त्यासाठी अक्षरे १२ मिलिमीटर उंच करावी लागतील. उंची दुप्पट केली की रुंदी ५ वरून १० सेंटिमीटर होते, म्हणजे घेराच्या निम्म्याहून जास्त. समोरून नाव पूर्ण दिसणारच नाही. थोडक्यात, आडव्या अक्षरांची ही मांडणीच माझ्या हातावर होण्यासारखी नव्हती. प्रिव्ह्यूचा उपयोग असलाच तर हे आधी सांगण्यासाठी. आपल्या ॲपवर रेघेची जाडी ‘बारीक, मध्यम, ठळक’ अशी निवडता येते, पण मिलिमीटर कुठेच दिसत नाहीत आणि काही वर्षांनंतरचे रूप दाखवण्याची सोय नाही.

शेवटी रंग. मी सावळी आहे. आपल्या ॲपवर त्वचेचा रंग निवडायची पट्टी आहे, म्हणून मला वाटले की शाई त्यानुसार दिसेल. मी पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि दर वेळी चित्रातल्या पिवळ्यावर कलर पिकर लावला. सर्वांत गोऱ्या हातावर #F2B705, सर्वांत काळ्या हातावरही #F2B705. फक्त फोटो काळा-गोरा होतो, शाई तशीच राहते. शाई कातडीवर बसत नाही, ती वरच्या थराच्या खाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल असते. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन त्या वरच्या थरात असते. म्हणजे शाई नेहमी आपल्याच त्वचेच्या रंगातून दिसते. माझ्या हातावर तो पिवळा मातकट गेरूसारखा दिसेल, आणि बाशिंगाच्या कडेला आपण सुचवलेले पांढरे ठिपके जखम भरल्यावर जवळपास दिसेनासे होतील. काळी रेघ माझ्या रंगावर छान उठते. तेव्हा अडचण सावळ्या रंगाची नाही, आपण तो हिशेबात घेतला नाही याची आहे.

हे चित्रातच ओळखू येते. हातावर ट्यूबलाइटची चकाकी जिथे पडली आहे, तिथे डिझाइनच्या रेघांवर ती चकाकी नाही, आणि हातावरची लव रेघांखाली गायब झाली आहे. शाई कातडीच्या आत असेल तर लव आणि चकाकी तिच्यावर दिसायला हवी. त्यातून ॲपने माझा फोटो न विचारता उजळ आणि गुळगुळीत केला. मूळ फोटो आणि आपण परत दिलेला फोटो शेजारी ठेवून पाठवत आहे. तो दुसरा हात माझा नाही.

माझ्या मागण्या अशा. पूर्ण ₹१,४९९ परत करावेत. डिझाइन दुरुस्त करून देण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही, कारण हातच चुकीचा मोजला असेल तर दुरुस्ती कशावर करणार? ‘जसे दिसते तसेच उमटेल’ हे वाक्य काढावे आणि त्या जागी, प्रिव्ह्यू अंदाजासाठी आहे, अंतिम जागा आणि माप हातावर स्टेन्सिल लावूनच ठरवा, असे मराठीत ठळक लिहावे. फोटोत कार्ड ठेवायची सूचना आणि फाइलवर रेघेची जाडी मिलिमीटरमध्ये, या दोन गोष्टी तरी लगेच कराव्यात. आर्टिस्टनी अडवले नसते तर ही फाइल माझ्या हातावर कायमची उतरली असती. प्रत्येकाला असा आर्टिस्ट भेटेलच असे नाही, आणि काही जण आलेली फाइल तशीच गोंदतात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि रक्कम मिळाली नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सदोष सेवा आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर अर्ज करीन.

सोबत: पैसे भरल्याची पावती, मूळ आणि बदललेला फोटो, कार्डासह फोटो, दोन्ही स्टेन्सिलचे तळहात वर आणि हात सैल अशा स्थितींतले फोटो, कलर पिकरचे स्क्रीनशॉट आणि मदत कक्षाचे उत्तर.

आपली,
एक ग्राहक
सोलापूर