साबणाची घाई करू नकोस

प्रिय वृंदा,

तुझं पत्र काल मिळालं. तीन आठवड्यांत ४० जणांना भेट द्यायची आणि त्यात साबण, मेणबत्ती, उदबत्ती सगळं घरी केलेलं हवं, हे वाचून आधी हसू आलं आणि मग माझीच पहिली खटपट आठवली. तेव्हा सरळ सांगते. साबण या वेळी सोड. आज केलास तरी तो चार ते सहा आठवडे वाळल्याशिवाय देण्याजोगा होत नाही. या मुदतीत मेणबत्ती होईल. साबणाची पहिली खेप मात्र लगेच कर, स्वतःसाठी. भेट पुढच्या प्रसंगाला.

साबणाबद्दल तू विचारलंस की कृती कुठून घेऊ. कृतीपेक्षा हिशोब शिक. प्रत्येक तेलाला साबण व्हायला कॉस्टिक सोडा वेगवेगळा लागतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्ह तेलाला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. मी ५०० ग्रॅम तेलाची खेप करते, त्यात ३०० ऑलिव्ह, १५० खोबरेल आणि ५० एरंडेल. गुणाकार केलास तर ४०.५, २७.५ आणि ६.४, म्हणजे साधारण ७४.४ ग्रॅम सोडा. पण एवढा पूर्ण घालायचा नाही. पाच टक्के कमी करून ७०.६ घ्यायचा, म्हणजे थोडं तेल साबण न होता शिल्लक राहतं आणि हाताला कोरडं लागत नाही. पाणी सोड्याच्या दुप्पट, १४१ ग्रॅम. पाणीसुद्धा वजनानेच. कपाने, चमच्याने काही मोजू नकोस.

आता माझी फजिती ऐक. दुसऱ्याच खेपेला खोबरेल संपलं होतं. म्हटलं, तेल ते तेल, त्याऐवजी १५० ग्रॅम ऑलिव्हच वाढवू. सोडा मात्र तोच, ७०.६. आता तूच गुणाकार कर: ४५० ऑलिव्ह आणि ५० एरंडेलाला मिळून लागतो फक्त ६७.२. म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास सोडा तेलाशिवाय मोकळाच राहिला. वड्या कापताना त्या कडेने भुरभुरत होत्या, मला वाटलं सुरी बोथट आहे. चार आठवड्यांनी ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावलं, तर झिणझिण्या आल्या, बॅटरीला जीभ लावल्यासारख्या. चांगला साबण जिभेला फक्त साबणासारखा कडवट लागतो. त्यातल्या दोन वड्या त्याच दिवशी एकीला द्यायच्या म्हणून मी कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या! सगळं किसून मंद आचेवर वितळवलं, ती पाच टक्क्यांची सूटही धरून हिशोबाने निघालं तेवढं आणखी ५३ ग्रॅम ऑलिव्ह तेल त्यात मिसळलं आणि पुन्हा साच्यात ओतलं. दिसायला ओबडधोबड झाला, पण झिणझिण्या गेल्या. तो मीच वापरून संपवला. तेव्हापासून तेल बदललं की आधी कागद-पेन्सिल.

वडीवर वरून पांढरी भुकटी दिसली तर मात्र घाबरू नकोस. बहुतेक वेळा तो हवेशी संबंध आल्याने आलेला निरुपद्रवी थर असतो, खरवडला की जातो. खरी धोक्याची खूण म्हणजे आतून भुरभुरणं, किंवा वडी कापल्यावर आत पाणचट थेंब दिसणं.

सोडा हाताळताना दोनच गोष्टी डोक्यात घट्ट बसव. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, कारण मिश्रण एकदम उसळून अंगावर येतं. आणि ॲल्युमिनियमचं भांडं नाही, ते सोड्याने खाल्लं जातं आणि ज्वलनशील वायू सुटतो. स्टीलचं घे. पाणी आपसूक इतकं तापतं की वाफ नाकात झोंबते, म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांना बंद चष्मा, लांब हातमोजे, आणि मुलं-मांजरं दाराबाहेर. अंगावर उडालं तर व्हिनेगर चोळत बसू नकोस, वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धर. डोळ्यात गेलं तर धुता धुता डॉक्टरांकडे जायची तयारी कर.

सोड्याचं पाणी आणि तेलांचं मिश्रण, दोन्ही कोमट झाली की एकत्र करून ब्लेंडर फिरव. उचलल्यावर पडणारी धार क्षणभर वर रेघेसारखी राहिली की साच्यात ओत. काही सुगंधी तेलांनी, विशेषतः लवंग-दालचिनीच्या, मिश्रण साच्यापर्यंत पोचायच्या आत भांड्यातच घट्ट होतं. पहिल्या खेपेला वास घालूच नकोस.

मेणबत्तीचं थोडक्यात. सोया मेण थेट आचेवर नाही, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळव. मेण पेटलंच तर पाणी टाकू नकोस, झाकण ठेव आणि आच बंद कर. २०० ग्रॅम मेणाला १४ ग्रॅम सुगंधी तेल पुरे. खरी परीक्षा वातीची. तीन तास जाळून बघ. मेण कडेपर्यंत वितळलं नाही आणि मधे खड्डा पडला, तर वात बारीक. ज्योत उंच, काजळी आणि काच हात न लावण्याइतकी तापलेली, तर वात जाड. ४० करण्याआधी एक तरी तळापर्यंत जाळ, तीही तू खोलीत असताना. उदबत्तीला हात लावायचाच असेल तर बिनवासाच्या तयार काड्या आणून सुगंधी तेलात बुडव आणि काही दिवस सावलीत वाळव. मसाला मळून काडीवर वळायचं हस्तकौशल्य मला अजून साधलेलं नाही.

खर्चाबद्दल. माझ्या त्या खेपेच्या सात वड्या होतात. एक मी स्वतः वापरून बघते, एक तारीख टाकून वर्षभर ठेवते, वास खवट होतो का ते बघायला. म्हणजे खर्च सातने नाही, पाचने भागायचा. शिवाय १०० ग्रॅमची वडी वाळून ९० च्या आसपास येते, वेष्टनावर वाळलेलं वजन लिही. मला तेलच महाग वाटत होतं, पण वही बघितल्यावर कळलं की सुगंध आणि डबी मिळून तेलाला गाठतात.

माझी पहिली गिऱ्हाईक म्हणजे भेट मिळालेल्या एका बाईंची बहीण. तिने १२ वड्या मागितल्या आणि भाव विचारला. मी गडबडीत तेलाच्या खर्चाएवढाच आकडा बोलून बसले! डबी माझीच गेली, वेळेचं तर नावच नको. तुला कुणी विचारलं तर "उद्या सांगते" म्हण. आणि पैसे घेण्याआधी तुमच्याकडचे नियम बघ. बऱ्याच देशांत विकायचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येतो, परवाना किंवा नोंदणी लागू शकते. घटक आणि तारीख वेष्टनावर लिही, पण "पुरळ बरं होतं" असलं काही लिहू नकोस, ते औषधाचं बोलणं झालं.

तू कुठली तेलं घेणार आहेस त्यांची वजनं मला कळव. सोडा पाण्यात पडायच्या आधी मी एकदा गुणाकार करून बघते.

तुझी,
सुनंदा