चंद्राच्या दगडांचा पुरावा उलटा छापला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला चंद्राच्या जन्मावरचा लेख वाचला. विषय घेतलात, आनंद वाटला. पण ‘अपोलोच्या दगडांतला ऑक्सिजन हुबेहूब पृथ्वीसारखा निघाला आणि महाटक्कर सिद्ध झाली’ हे वाक्य वाचून राहवले नाही. थिया नावाचा एक ग्रह कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मालातून चंद्र घडला, हा महाटकरीचा सिद्धांत. ऑक्सिजनचे हे साम्य त्या सिद्धांताची सगळ्यात मोठी अडचण आहे आणि तुमच्या लेखकाने नेमके तेच पुरावा म्हणून मांडले आहे.

ऑक्सिजन तीन वजनांचा असतो: १६, १७ आणि १८. ग्रह सूर्यमालेत ज्या मालापासून घडला, त्यावर या तिघांचे आपसातले प्रमाण ठरते. मंगळावरून आलेल्या उल्कापाषाणांत ते पृथ्वीपेक्षा हजारात सुमारे ०.३ भागाने वेगळे भरते. आता साधारण मंगळाएवढा थिया पृथ्वीवर तिरका आदळला असे धरून संगणकावर हिशेब मांडला, की नेहमीच्या गणितात चंद्राचा सत्तर टक्क्यांहून अधिक माल थियाचा निघतो. मग थियाचा वेगळेपणा चंद्राच्या दगडांत उतरायला हवा होता. पण २०१४ साली एका गटाला दशलक्षात बाराच भागांचा फरक सापडला, तर २०१६ साली दुसऱ्या गटाला फरकच दिसला नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने विज्ञान प्रदर्शनात हाच विषय घेतला होता. फलकावर शेवटचा कागद तिने स्वतःच्या अक्षरात चिकटवला होता: ‘चंद्राच्या दगडात थियाची खूण का नाही?’ परीक्षक म्हणाले, “बाळ, पुराव्याच्या फलकावर प्रश्न लिहीत नसतात,” आणि गुण कापले. पोरीने दुपारच्या आत तो कागद नखाने खरवडून काढला. आता तुमचा लेख वाचून ते परीक्षक म्हणतील, बघा, पेपरातही तेच आहे. तिचा प्रश्न बरोबर होता आणि शास्त्रज्ञ आजही त्याच्याशी झगडत आहेत. टकरीनंतरच्या तप्त वाफेत दोघांचा माल घुसळून एक झाला, असे काही जण म्हणतात. टक्कर समजतो त्याहून कितीतरी जोरकस होती, असे २०१२ मध्ये मांडले गेले. थिया पृथ्वीच्या शेजारीच, तशाच मालाचा घडला असेल, असेही एक मत आहे. यातले कोणतेही अजून पक्के झालेले नाही.

टकरीच्या बाजूने बोलणारा पुरावा दगडांत आहेच, पण तो दुसरीकडे आहे. आपल्या साताऱ्यातला काळा दगड फोडला की पोकळ्यांत पांढरे झिओलाइटचे स्फटिक भरलेले दिसतात, कारण लाव्हा थंड झाल्यावर त्यातून गरम पाणी खेळले. चंद्रावरच्या काळ्या बेसाल्टलाही अशा पोकळ्या असतात, पण त्या बहुधा रिकाम्याच, आणि दगडातले लोखंडाचे बारीक कण न गंजलेले. नुसते पाणीच नव्हे, पोटॅशियम, सोडियम, जस्त अशी उष्णतेने लवकर उडून जाणारी द्रव्येही तिथे पृथ्वीच्या मानाने कमी आहेत. शिल्लक राहिलेल्या जस्तात जड अणूंचे प्रमाण वाढलेले आहे, म्हणजे हलके अणू वाफ होऊन आधी निसटले. प्रचंड तापल्याशिवाय हे होत नाही. चंद्राची घनता ३.३४, पृथ्वीची ५.५१, कारण चंद्राचा लोखंडी गाभा अगदीच लहान आहे. टकरीत थियाचे लोखंड पृथ्वीच्या गाभ्यात बुडाले आणि बाहेर मुख्यतः खडकांचा माल उडाला, असे मानले की ही गोष्ट नीट जुळते.

आणि तो पांढरा दगड! १९७१ साली अपोलो १५ च्या स्कॉट आणि आयर्विन यांनी उचललेला ‘जेनेसिस रॉक’ जवळजवळ संपूर्ण फेल्डस्पार या हलक्या खनिजाचा आहे. चंद्र कधीकाळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि त्यावर हे स्फटिक तरंगून वर आले, तरच असे कवच तयार होते. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने शिवशक्ती स्थळाजवळच्या मातीत याच जातीच्या खडकाशी जुळणारी रचना मोजली आणि २०२४ साली ते ‘नेचर’मध्ये छापून आले. आपल्याच देशाच्या मोजमापाला तुमच्या लेखात एक ओळही नसावी?

आणखी एक सांगतो. विज्ञानाचे पान पूर्वी दर आठवड्याला यायचे. आता ते कोचिंग क्लासच्या जाहिरातींखाली दबून कधी येते, कधी येत नाही. जागा कमी म्हणून एखादी ओळ गाळली तर समजू शकतो, पण पुरावा उलटा छापला गेला आहे. पुढच्या अंकात ऑक्सिजनबद्दलची दुरुस्ती छापावी, ही विनंती. कात्रण मी त्या मुलीला आणि परीक्षकांनाही पाठवीन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा