हरवलेल्या बॅगेचा क्लेम आणि एक उलटी वजाबाकी: विमा नियामक अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

विषय: प्रवासात हरवलेल्या बॅगेचा विमा दावा, हातबिलांना मिळालेला नकार आणि विमान कंपनीच्या भरपाईची वजावट

महोदय,

अंबाजोगाईहून लातूर-बिदर मार्गे हैदराबादला जायचं आणि तिथून विमान पकडायचं, हा आमच्या भागातला परदेशवारीचा नेहमीचा रस्ता. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवरा-बायको याच रस्त्याने दुबईला गेलो. आम्ही पोचलो, पण वीस किलोची एक बॅग पोचली नाही. ती आजतागायत सापडलेली नाही. बॅग हरवते, विमानतळावर असं होतं; त्याबद्दल मी आपल्याला लिहीत नाही. विमा कंपनीने ज्या हिशोबाने माझा दावा शून्यावर आणला, तो हिशोब आपण एकदा डोळ्यांखालून घालावा, एवढ्यासाठी हे पत्र. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतो आहे, कारण प्रश्न हिशोबाच्या पद्धतीचा आहे आणि तो बॅग हरवलेल्या कुठल्याही पॉलिसीधारकासमोर येऊ शकतो.

आधी विमान कंपनीच्या कागदाबद्दल. सामानाच्या पट्ट्यावर बॅग आली नाही, तेव्हा बाहेर पडण्याआधीच आम्ही तिथल्या काउंटरवर तक्रार नोंदवली. त्याचा जो कागद मिळतो त्याला सगळे पीआयआर म्हणतात. त्यावर दहा खुणांचा संदर्भ क्रमांक असतो: विमानतळाची तीन अक्षरं, विमान कंपनीची दोन आणि पुढे पाच आकडे. बॅगेच्या टॅगचा दहा आकडी क्रमांक, रंग आणि प्रकारही त्यावर येतो. आत काय होतं हे काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मी सांगत गेलो आणि तिने टाइप केलं, ‘कपडे, खाऊ’, इंग्रजीत. मागे वीस माणसं रांगेत उभी होती, त्यामुळे तिलाही दोष देता येत नाही. पुढे याच दोन शब्दांवर बोट ठेवून विमा कंपनीने विचारलं की पैठणीचा उल्लेख पीआयआरमध्ये का नाही? महोदय, बॅग आली नाही, एवढं सांगायला तो कागद असतो. त्यात किमतीची जंत्री मागितलीच जात नाही.

शिवाय पीआयआर म्हणजे बॅग हरवल्याचा दाखला नव्हे. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातल्या भरपाईच्या मॉन्ट्रियल करारानुसार बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून 21 दिवस उलटले किंवा विमान कंपनीने स्वतःच हरवल्याचं कबूल केलं, की ती हरवली असं धरून प्रवाशाला हक्क मागता येतो. तोवर ती नुसती उशिरा येणारी बॅग असते. विम्यातही उशिराचा आणि पूर्ण नुकसानीचा भाग वेगळा असतो, म्हणून 21 दिवसांनंतर विमान कंपनीचं दुसरं पत्र लागतं: शोध घेतला, बॅग मिळाली नाही, अमुक इतकी भरपाई दिली. हे दुसरं पत्र हाती पडेपर्यंत मी मेलमागून मेल पाठवत होतो. त्यात वजनावर हिशोब करून 12,000 रुपये भरपाई दिल्याचं लिहिलं आहे. करारातली मर्यादा खरं तर किलोमागे नाही, माणशी आहे: 28 डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर, हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, म्हणजे रुपयांत दीड लाखाहून जास्त. पण ते भांडण विमान कंपनीशी आहे, त्यासाठी करारात दोन वर्षांची मुदत आहे, आणि आपल्या खात्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आपला संबंध येतो तो दाव्याच्या यादीपासून. मी दिलेली यादी अशी होती. पैठणहून विणकराकडून घेतलेली पैठणी, 14,500 रुपये, हातबिल. जावयासाठी शर्ट-पॅन्टचं कापड आणि शिलाई मिळून 5,200, कापडवाल्याची कच्ची पावती आणि शिंप्याची चिठ्ठी. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल 2,800, तिचंही हातबिल. लातूरच्या दुकानातले तयार कपडे 6,300, जीएसटी बिल. आणि बॅग स्वतः 4,200, जीएसटी बिल आणि वॉरंटी कार्ड. एकूण 33,000 रुपये. बायकोने रात्री जागून शिवलेला बाळंतविडाही त्यात होता, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, अंगडी आणि गोंडा लावलेली कुंची. यादीत तो लिहिला, किमतीचा रकाना कोरा ठेवला. डिंकाचे लाडू लिहिलेच नाहीत. बाळाचे चांदीचे वाळे बायकोच्या पर्समध्ये होते, कारण चेक-इन बॅगेतलं सोनं-चांदी धरत नाहीत हे पॉलिसीत आम्ही वाचलं होतं. एका वस्तूला ठराविक रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, त्यामुळे पैठणीला थोडी कात्री लागेल, हेही माहीत होतं आणि मान्य होतं.

कात्री लागली ती भलतीकडेच. कंपनीने जीएसटी बिल असलेल्या दोनच वस्तू मानल्या, 6,300 आणि 4,200. बॅग वापरातली म्हणून घसाऱ्याचे 1,000 कमी केले. राहिले 9,500. बाकी तीन ओळींपुढे एकच शेरा: ‘वैध बिल नाही.’

पैठणच्या त्या विणकराच्या घरात दोन माग आहेत. एक पैठणी व्हायला महिना लागतो, नक्षी भरगच्च असली तर त्याहून जास्त. वर्षाला 40 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हा सरकारचाच नियम आहे, आणि दोन मागांवर 40 लाखांची उलाढाल कुणी करून दाखवावी. ज्याची नोंदणीच नाही, त्याला जीएसटी बिल देण्याचा अधिकारही नाही. म्हणजे कंपनी माझ्याकडे असा कागद मागते आहे, जो त्या माणसाने दिला असता तर तोच गुन्हा ठरला असता. शिंप्याचं तेच, हिमरूवाल्याचं तेच. आमच्याकडची निम्मी-अधिक खरेदी अशाच माणसांकडून होते. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये खरेदी करणाऱ्याची बॅग हरवली तर ती भरून निघते आणि आठवडी बाजारातून, विणकराच्या ओट्यावरून खरेदी करणाऱ्याची हवेत जाते. हप्ता मात्र दोघांना सारखाच.

पुरावा नव्हता असंही नाही. विणकराने स्वतःच्या बिलबुकावर साडीचा रंग, काठ, पदराची नक्षी आणि तारीख लिहून दिली होती. पैसे फोनवरून गेले, त्याची नोंद बँकेच्या उताऱ्यात आहे. त्याच रकमेची, त्याच दिवसाची. फक्त क्यूआर कोड त्याच्या मुलाच्या नावावर होता, म्हणून ‘विक्रेता आणि पैसे घेणारा वेगळा’ अशी दुसरी हरकत निघाली. विणकराने ‘हा माझा मुलगा, खातं घरातलं’ असं सही-अंगठ्यासकट लिहून दिलं, तेही पाठवलं. साडी घेताना काढलेला फोटो पाठवला. यावर उत्तर आलं ते पहिल्या पत्राचीच नक्कल.

आपल्याच प्राधिकरणाच्या 11 जून 2024 च्या सर्वसाधारण विम्यावरील मास्टर सर्क्युलरमध्ये स्पष्ट आहे की कागदपत्रांअभावी कोणताही दावा नाकारता येणार नाही. मी ते वाक्य कंपनीला पाठवलं. त्यावर म्हणे, ‘आम्ही दावा नाकारलेला नाही, काही वस्तू अमान्य केल्या आहेत.’ तांत्रिकदृष्ट्या बरोबर. एकेक वस्तू अमान्य करत गेलं की दावा न नाकारताही तो संपवता येतो. या पळवाटेवर आपण एका ओळीचं परिपत्रक काढलं तरी पुरे.

पण खरी मेख पुढे आहे. पॉलिसीत कलम आहे की विमान कंपनीने दिलेली भरपाई वजा होईल. योग्यच आहे, एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेऊ नयेत. कंपनीने 9,500 मधून 12,000 वजा केले, उत्तर शून्याखाली गेलं आणि मला ‘देय रक्कम निरंक’ असं पत्र आलं.

आता हाच हिशोब सरळ करून पाहा. माझं नुकसान 33,000. घसारा धरला तर 32,000. त्यातले 12,000 विमान कंपनीकडून आले. उरलेले 20,000 अजून माझ्याच अंगावर आहेत. विमान कंपनीने ते 12,000 काही त्या दोन वस्तूंपुरते दिले नव्हते. अख्ख्या बॅगेचे, वीस किलोंचे दिले होते. ते पैसे पैठणीचेही होते, कुंचीचेही होते. विमा कंपनीने पैठणी अमान्य करायची आणि विमान कंपनीने पैठणीपोटी दिलेले पैसे मात्र मान्य वस्तूंच्या किमतीतून कापायचे, हे कुठल्या वहीत बसतं? वजावट करायची तर ती आधी पूर्ण नुकसानीतून व्हावी आणि उरलेल्या नुकसानीला पॉलिसीच्या मर्यादा लावाव्यात. पैठणीच्या मर्यादेची कात्री धरूनही मला काहीतरी मिळालं असतं. निदान असं तरी करावं की अमान्य वस्तूंच्या वाट्याची भरपाई वजावटीत धरू नये.

कलमात ‘वजा होईल’ एवढंच आहे. कशातून, ते नाही. जिथे शब्द दोन्ही बाजूंना वळतो, तिथे कंपनी तो स्वतःकडे वळवून घेते.

म्हणून माझ्या मागण्या. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचं हातबिल आणि त्याला जोडून पैसे दिल्याची नोंद, हा पुरावा प्रवास विम्यात ग्राह्य धरावा, असं लेखी सांगावं. विमान कंपनीच्या भरपाईची वजावट पूर्ण नुकसानीतून करावी, असं प्रवास पॉलिसीच्या मजकुरातच बंधनकारक करावं. आणि प्रत्येक अमान्य वस्तूपुढे पॉलिसीचं कलम व क्रमांक लिहिणं सक्तीचं करावं. ‘वैध बिल नाही’ हा शेरा कुठल्या कलमात बसतो, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला आहे. तिथून महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे वकील लागत नाही, फीही नाही. दावा क्रमांक, विमान कंपनीची दोन्ही पत्रं, पाचही वस्तूंच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि ‘निरंक’चं पत्र आपल्या कार्यालयाकडे टपालाने वेगळं पाठवलं आहे.

आपला,
एक पॉलिसीधारक
अंबाजोगाई, जि. बीड